रात्र कुणाच्या वाट्याला? ज्येष्ठतेनुसार शिफ्ट निवडण्याची रीत

आपल्याकडच्या बहुतेक हॉस्पिटलांत ड्युटी इनचार्ज सिस्टर लावतात. चार्ट वॉर्डात लागतो, मॉर्निंग, इव्हिनिंग आणि नाइट पाळीपाळीने सगळ्यांच्या वाट्याला येतात, आणि कुणाची काही अडचण असली तर ती सिस्टरांच्या कानावर घालायची असते. सिस्टर समजूतदार असतील तर निभावून जातं. नसतील तर नाइट कुणाला जास्त लागतात आणि दिवाळीचा ऑफ कुणाला मिळतो यावरून वर्षभर कुजबुज चालते.

अमेरिकेत, विशेषतः जिथे नर्सेसची युनियन आणि लेखी करार आहे अशा अनेक हॉस्पिटलांत, दुसरी एक रीत आहे. वर्षातून एखाद्या वेळी त्या वॉर्डाच्या सगळ्या शिफ्ट टेबलावर मांडल्या जातात आणि नर्सेस सेवाज्येष्ठतेच्या क्रमाने एकेक करून आपली शिफ्ट उचलतात. निवडीच्या या फेरीला तिथे शिफ्ट बिड म्हणतात, पण पैशाची बोली इथे कुणीच लावत नाही. चालतं ते नाणं एकच, नोकरीतली वर्षं. ही रीत मूळची रेल्वे, कारखाने आणि विमान कंपन्यांतली. अमेरिकेच्या कामगार कायद्यात १९४७ साली झालेल्या दुरुस्तीने धर्मादाय हॉस्पिटलांना कायद्याबाहेर ठेवलं होतं. १९७४ मध्ये ती सूट काढून टाकली गेली, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांना संघटित होऊन करार करण्याचा हक्क मिळाला. मग कारखान्यांच्या करारांतली ज्येष्ठतेची कलमं वॉर्डांतही आली.

वरवर पाहता यात समजावण्यासारखं फार नाही. जुनी नर्स आधी, नवी नंतर. पण अशा फेऱ्यांवरून तक्रारी होतात, वाद लवादापर्यंत जातात, आणि बहुतेक वेळा भांडणाचं मूळ फेरीच्या दिवसात सापडत नाही. निकाल न्याय्य लागणार की नाही, हे जवळजवळ सगळं पहिली नर्स निवडायला बसण्याआधी ठरून गेलेलं असतं. शिफ्टचे साचे, म्हणजे लाइन, कशा आखल्या, ज्येष्ठता कुठून मोजली आणि कोणत्या लाइनला कोण पात्र, या तीन गोष्टींत ते दडलेलं असतं. एक छोटा वॉर्ड घेऊन हे शेवटपर्यंत करून पाहू. वॉर्ड काल्पनिक आहे, पण त्याचे नियम खऱ्या वॉर्डांसारखेच आहेत.

आधी लाइन आखायच्या

समजा, कॅलिफोर्नियातल्या एका हॉस्पिटलात सहा खाटांचं हृदयरोग आयसीयू आहे. त्या राज्यात १९९९ साली कायदा झाला आणि २००४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार प्रत्येक विभागात एका नर्सकडे जास्तीत जास्त किती पेशंट द्यायचे ते ठरलेलं आहे. आयसीयूत तो आकडा दोन. म्हणजे सहा खाटांना दर वेळी तीन नर्सेस हव्यात. शिफ्ट बारा तासांची, सकाळी सात ते संध्याकाळी सात आणि संध्याकाळी सात ते सकाळी सात. प्रत्येक नर्स आठवड्याला अशा तीन शिफ्ट करते, म्हणजे ३६ तास. जेवणाच्या सुटीत किंवा रजेवर बदली येणाऱ्या नर्सेस आपण हिशेबाबाहेर ठेवू.

दिवसाची बाजू आधी पाहू. रोज तीन नर्सेस, आठवड्याचे सात दिवस, म्हणून आठवड्याला २१ शिफ्ट. एकेकीने तीन करायच्या, म्हणजे सात जणी लागतील. रात्रीलाही सात. एका नर्सने कोणत्या आठवड्यात कोणते दिवस यायचं, याचा कायमचा साचा म्हणजे लाइन. आपल्या वॉर्डात अशा १४ लाइन झाल्या, सात दिवसाच्या आणि सात रात्रीच्या. नर्सेसही १४ आहेत.

आता शनिवार-रविवार. बऱ्याच करारांत एक आड एक शनिवार-रविवार काम, असा नियम असतो. दोन आठवड्यांचा हिशेब मांडा. दोन शनिवार आणि दोन रविवार, रोज तीन नर्सेस, म्हणजे दिवसाच्या बाजूला १२ शिफ्ट. एक लाइन दोन आठवड्यांत एक शनिवार-रविवार भरते, म्हणजे दोन शिफ्ट. १२ भागिले दोन, सहा. सहा लाइनमध्येच सगळे शनिवार-रविवार भरून निघाले, आणि सातव्या लाइनला एकही आला नाही. उरलेल्या दिवसांचाही मेळ बसतो. दोन आठवड्यांत सोमवार ते शुक्रवार असे दहा दिवस, त्यांच्या ३० शिफ्ट. पहिल्या सहा लाइनच्या प्रत्येकी चार उरल्या, त्या २४ होतात. सातवी लाइन उरलेल्या सहा करते.

हे गणित एवढ्यासाठी सोडवलं की, चांगली लाइन कुणाच्या कृपेने निर्माण होत नाही हे दिसावं. नियम आणि खाटांची संख्या ठरली की ती आपोआप तयार होते. दिवसाच्या बाजूची ही सातवी लाइन म्हणजे वॉर्डातली सगळ्यांना हवी असलेली जागा. प्रश्न एवढाच की ती यादीवर मांडली जाते की नाही. काही ठिकाणी व्यवस्थापन अशी लाइन फोडतं, तिचे दिवस इतरांत वाटून टाकतं, किंवा 'विभागाच्या गरजेसाठी' म्हणून बाजूला ठेवतं आणि नंतर मर्जीतल्या कुणाला तरी देतं. म्हणून अनुभवी युनियन प्रतिनिधी लाइनची यादी हातात पडली की पहिल्यांदा बेरीज करतात. सगळ्या लाइनच्या शिफ्टची बेरीज वॉर्डाच्या गरजेइतकी येते का? येत नसेल, तर एखादी लाइन कुठेतरी लपलेली आहे किंवा एखादी रिकामी जागा दाखवलेली नाही.

रात्रीच्या बाजूला एक जास्तीचा गुंता आहे. रात्रीचा शनिवार-रविवार म्हणजे नेमक्या कोणत्या रात्री? शुक्रवार आणि शनिवार, की शनिवार आणि रविवार? रविवारी रात्री सातला आलेली नर्स सोमवारी सकाळी घरी जाते, तिचा रविवार बुडाला की वाचला? निरनिराळ्या करारांत निरनिराळी उत्तरं आहेत. कोणतंही चालतं, फक्त ते फेरीच्या आधी लिहिलेलं हवं.

ज्येष्ठता कुठून मोजायची

दुसरी गोष्ट यादी. वीस वर्षं काम केलेली नर्स दहा वर्षं केलेलीपेक्षा ज्येष्ठ, इथपर्यंत वाद नाही. वाद होतो तो कडेच्या बाबतींत. हॉस्पिटलात रुजू झाल्याची तारीख धरायची, की या वॉर्डात आल्याची? आधी सहायक म्हणून काम केलं आणि नंतर नर्सिंगची परीक्षा देऊन नर्स झाली, तर कोणती तारीख? काही करारांत तारखेऐवजी प्रत्यक्ष भरलेले तास मोजतात. मग अर्धवेळ काम करणारी नर्स दहा वर्षांत पूर्णवेळ करणारीच्या मागे पडते. बाळंतपणाची किंवा आजारपणाची लांब रजा मोजायची की वजा करायची? आणि एकाच दिवशी दोघी रुजू झाल्या असतील तर? कुठे चिठ्ठ्या टाकतात, कुठे सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या शेवटच्या अंकांवरून ठरवतात. कोणत्या पद्धतीने ठरवायचं हे महत्त्वाचं नाही. फेरीच्या कितीतरी आधी, कुणाला काय हवं आहे हे कळण्यापूर्वी, ते ठरलेलं असलं पाहिजे.

ज्येष्ठता कोणत्या हद्दीत मोजायची याने माणसाचं किती बदलू शकतं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण हॉस्पिटलातलं नाही, विमान कंपनीतलं आहे. लॅरी हार्डिसन हा ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सच्या कॅन्सस सिटीमधल्या दुरुस्ती केंद्रात कारकून होता. त्याच्या पंथात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत काम वर्ज्य होतं. जुन्या इमारतीत त्याची ज्येष्ठता पुरेशी होती, त्यामुळे रात्रपाळीवर जाऊन त्याचं निभत होतं. मग दिवसपाळी मिळावी म्हणून त्याने दुसऱ्या इमारतीत बदली मागून घेतली. दोन्ही इमारतींच्या ज्येष्ठता याद्या वेगळ्या होत्या. नव्या इमारतीत तो शेवटून दुसरा झाला, शनिवार त्याच्या वाट्याला आला, तो आला नाही आणि त्याची नोकरी गेली. १९७७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्याच्या धर्माची सोय करण्यासाठी कंपनीने ज्येष्ठतेची पद्धत मोडावी, इतरांच्या हक्काच्या शिफ्ट काढून घ्याव्यात, असं बंधन तिच्यावर नाही.

हॉस्पिटलातही हेच घडतं. एका मजल्यावर पंधरा वर्षं काढलेली नर्स आयसीयूत बदलून येते, आणि यादी वॉर्डनिहाय असेल तर कालच्या मुलींच्याही मागे जाते. यादी हॉस्पिटलनिहाय असेल तर उलट होतं. आयसीयूत आठ वर्षं रात्री काढून दिवसाची वाट पाहणारीच्या पुढे ही बाहेरून आलेली बसते. दोन्हींत कुणाला तरी लागतंच. म्हणून काही करारांत मधला मार्ग असतो. नव्याने आलेल्या नर्सची हॉस्पिटलातली ज्येष्ठता पुढच्या फेरीपासून धरली जाते, आलेल्या वर्षी नाही.

यादी फेरीच्या दोन-तीन आठवडे आधी भिंतीवर लागते आणि हरकत घ्यायला मुदत असते. मुदत संपली की यादी गोठते. फेरीच्या टेबलावर कुणी तारखेबद्दल बोलायचं नाही.

कोणती लाइन कुणाला उचलता येते

तिसरी गोष्ट पात्रतेची, आणि खरा घोळ इथे असतो. आपल्या आयसीयूत प्रत्येक शिफ्टला तिघींपैकी निदान एकीला चार्ज नर्सचं काम येत असलं पाहिजे. नवा पेशंट कुठे घ्यायचा, कुणाला बाहेर पाठवायचं, डॉक्टरांना केव्हा उठवायचं, हे ती आपले दोन पेशंट सांभाळून ठरवते. आठवड्यात सात दिवस, एकेक चार्ज नर्स तीन दिवस येणार. दोघी मिळून सहाच दिवस भरतात, म्हणून दिवसाच्या बाजूला निदान तीन लाइन चार्जच्या हव्यात आणि रात्रीच्या बाजूलाही तीन.

म्हणून लाइनची यादी अशी होते. दिवस-१ ते दिवस-३ चार्जच्या, दिवस-४ ते दिवस-७ साध्या. त्यांतली दिवस-७ ही शनिवार-रविवार नसलेली. रात्रीचंही तसंच, रात्र-१ ते रात्र-३ चार्जच्या, बाकी साध्या, आणि रात्र-७ ला शनिवार-रविवार नाही. चार्ज लाइनला प्रशिक्षित नर्सच बसू शकते. साध्या लाइनला कुणीही.

वॉर्डातल्या १४ जणींपैकी सात प्रशिक्षित आहेत. ज्येष्ठता यादीत त्यांचे क्रमांक १, २, ३, ४, ६, ७ आणि १० असे आहेत. चार्ज लाइन सहा, प्रशिक्षित सात. म्हणजे एकच प्रशिक्षित नर्स साध्या लाइनला जाऊ शकते. दुसरी गेली तर एखादी चार्ज लाइन भरायला माणूस उरणार नाही. टेबलावर बसलेल्या माणसाला दर निवडीनंतर हा एकच हिशेब करायचा असतो. मागे उरलेल्या प्रशिक्षित नर्सेस उरलेल्या चार्ज लाइनना पुरतात ना? पुरत नसतील तर ती निवड होऊ द्यायची नाही.

फेरीचा दिवस

फेरीला युनियनचा एक प्रतिनिधी आणि व्यवस्थापनाचा एक माणूस समोरासमोर बसतात. सगळ्या लाइन फळ्यावर असतात. प्रत्येकीला ठरलेली वेळ, समजा पंधरा मिनिटं. चौदा जणींना साडेतीन तास पुरतात. जिला येता येत नाही ती फोनवर निवडते किंवा आधी लिहून पसंतीक्रम देते. वेळ चुकली तर तिच्यासाठी रांग थांबत नाही. ती आली की त्या क्षणी उरलेल्यातून निवडते, पण आधी कुणी उचललेली लाइन तिला परत मागता येत नाही.

क्रमांक १ दिवस-७ घेते. वीस-पंचवीस वर्षांनंतर तिला शनिवार-रविवार घरी हवे आहेत, आणि चार्जची डोकेदुखीही नको. प्रशिक्षित असून ती साध्या लाइनला गेली, म्हणजे जी एकुलती मोकळीक होती ती तिने वापरली. इथून पुढे प्रत्येक प्रशिक्षित नर्सला चार्ज लाइनच घ्यावी लागणार.

क्रमांक २ रात्र-१ घेते. इतक्या ज्येष्ठ नर्सने रात्र घ्यावी याचं नव्यांना आश्चर्य वाटतं. पण रात्रीच्या तासांना जास्त पैसे मिळतात, चार्जचा भत्ता वेगळा, आणि रात्री व्यवस्थापनाची वर्दळ नसते. कुणाच्या घरी लहान मूल असतं आणि दिवसा त्याच्याजवळ राहता येतं. ही एक निवड फेरीचं सामर्थ्य दाखवते. कुणाला काय हवं आहे हे वरून कुणी गृहीत धरायचं नाही. ज्याचं त्याने बोलायचं.

पुढे क्रमांक ३ दिवस-१ घेते आणि क्रमांक ४ दिवस-२. क्रमांक ५ प्रशिक्षित नाही, ती दिवस-४ घेते. क्रमांक ६ दिवस-३ घेते. दिवसाच्या चार्ज लाइन संपल्या.

आता क्रमांक ७ येते. दिवसाच्या दिवस-५ आणि दिवस-६ फळ्यावर दिसत आहेत. पण त्या साध्या आहेत, आणि हिशेब असा की मागे प्रशिक्षित उरली फक्त क्रमांक १०, आणि चार्ज लाइन उरल्या दोन, रात्र-२ आणि रात्र-३. क्रमांक ७ ने दिवस-५ घेतली तर एक रात्र चार्जविना राहणार. म्हणून तिला रात्र-२ घ्यावी लागते. तिच्यामागून क्रमांक ८ येऊन दिवस-५ उचलते, क्रमांक ९ दिवस-६. दोघीही तिला कनिष्ठ. पुढे क्रमांक १० ला रात्र-३ घ्यावी लागते, क्रमांक ११ शनिवार-रविवार नसलेली रात्र-७ घेते, आणि १२, १३, १४ यांना रात्र-४ ते रात्र-६ मिळतात.

क्रमांक ७ त्याच आठवड्यात तक्रार दाखल करते. तिचं म्हणणं खोटं नाही. दोन कनिष्ठ नर्सेस दिवसाला बसल्या आणि ती रात्रीला गेली, याचं एकमेव कारण तिने जास्तीचं प्रशिक्षण घेतलं हे आहे. तिने ते घेतलंच नसतं तर काय झालं असतं? तर प्रशिक्षित सहाच राहिल्या असत्या, क्रमांक १ लाही चार्ज लाइन घ्यावी लागली असती, आणि क्रमांक ७ ला दिवस मिळाला असता. रात्रीला क्रमांक ६ गेली असती. म्हणजे फटका तसाच राहिला असता, फक्त तो दुसऱ्या प्रशिक्षित नर्सवर पडला असता. जे शिकतात त्यांनाच शिक्षा, हा धडा वॉर्डातल्या सगळ्यांनी त्या दिवशी घेतला. पुढच्या वर्षी चार्जच्या प्रशिक्षणाला कुणी नाव दिलं नाही, तर आश्चर्य वाटायला नको.

दुरुस्ती कुठे करायची

अशा वेळी दोन सोपे वाटणारे उपाय सुचवले जातात, आणि दोन्ही वाईट आहेत. एक, फेरीनंतर मॅनेजरने क्रमांक ९ ला रात्रीला हलवायचं. त्याने फेरीवरचा विश्वास जातो, कारण उद्या कुणालाही हलवता येईल. दुसरा, चार्ज लाइनची अट त्या दिवसापुरती बाजूला ठेवायची. मग आठवड्यातल्या काही रात्री चार्ज नर्सशिवाय जातात, आणि त्याची किंमत पेशंट मोजतो.

खरा उपाय फेरीच्या बाहेर आहे. समजा, फेरीच्या काही महिने आधी क्रमांक १२ ला चार्जचं प्रशिक्षण दिलं. प्रशिक्षित आठ झाल्या, मोकळीक एकीची होती ती दोघींची झाली. आता तीच फेरी पुन्हा चालवा. क्रमांक ६ पर्यंत सगळं तसंच. क्रमांक ७ येते तेव्हा मागे प्रशिक्षित दोघी आहेत, १० आणि १२, आणि चार्ज लाइन उरल्या दोन. हिशेब पुरतो, म्हणून ती दिवस-५ घेऊ शकते. क्रमांक ८ ला दिवस-६ मिळते. क्रमांक ९ येते तेव्हा दिवस संपलेले आहेत. ती रात्र-७ घेते. मग क्रमांक १० ला रात्र-२, क्रमांक १२ ला रात्र-३, आणि उरलेल्या तिघींना उरलेल्या तीन साध्या रात्री.

क्रमांक ९ ला दिवस मिळाला नाही, तिचं नुकसान झालंच. पण तिच्यापुढच्या सगळ्यांनी तिच्या आधी निवडलं आणि तिला कनिष्ठ असलेल्या कुणी तिच्यापेक्षा चांगली लाइन उचलली नाही. तिला दुःख होईल, तक्रारीला जागा नाही. अशा फेरीत न्यायाची कसोटी ही एवढीच आहे. सगळे खूश झाले का, हा प्रश्नच नाही, कारण ते कधी होत नाही. प्रश्न असा की, हवी होती ती लाइन आपल्यापेक्षा कनिष्ठ माणसाकडे गेली आहे असं कुणाला दाखवता येतं का, आणि दाखवता आलं तर त्याचं कारण आधी लिहून ठेवलेलं होतं का.

खरी पसंती सांगणं परवडतं का

अर्थशास्त्रज्ञ या पद्धतीला सीरियल डिक्टेटरशिप म्हणतात. नाव कठोर आहे, पण पद्धतीत एक गुण आहे. प्रत्येकीला आपली खरी आवड सांगण्यातच फायदा असतो. आपल्या वेळी फळ्यावर जे उरलं त्यातलं सगळ्यात आवडतं उचलायचं. डावपेच खेळायला जागा नाही, कारण आपण काय निवडलं याने आपल्यापुढच्यांचं काही बदलत नाही.

हा गुण एका लहानशा बदलाने नाहीसा होतो. काही वॉर्डांत वेळ वाचवण्यासाठी सगळ्यांकडून पसंतीचे फॉर्म भरून घेतात आणि आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंती पुरवायचा प्रयत्न करतात. एका लाइनला दोघी असल्या तर ज्येष्ठ नर्सला देतात, मग दुसऱ्या पसंतीकडे वळतात. ऐकायला हे उदार वाटतं. पण क्रमांक ५ ने पहिली पसंती दिवस-७ लिहिली आणि ती क्रमांक १ ला गेली, तर तिची दुसरी पसंती पाहायची वेळ येईपर्यंत दिवस-४ कुणा कनिष्ठ नर्सने पहिली पसंती म्हणून घेतलेली असू शकते. मग लोक जे हवं ते लिहीत नाहीत, जे मिळेल असं वाटतं ते लिहितात. ज्येष्ठतेचं राज्य जातं आणि अंदाजाचं येतं.

फॉर्म वापरायचाच असेल तर तो ज्येष्ठतेच्या क्रमाने, एकेक करून वाचला पाहिजे, जणू ती नर्स समोर बसली आहे. असा लेखी क्रम किती लांब हवा, यालाही साधं उत्तर आहे. यादीत पाचवी असलेल्या साध्या नर्सपुढे चारच जणी आहेत, त्या जास्तीत जास्त चार लाइन घेतील. म्हणून तिला खुल्या असलेल्या पाच लाइन लिहिल्या की पुरे. चौदाव्या नर्सला मात्र फॉर्म भरायची गरज नाही, तिच्यासाठी एकच लाइन उरणार आहे.

फेरी नीट चालली होती की नाही हे ओळखायचा एक सोपा मार्गही यातूनच मिळतो. प्रत्येकीने खरोखर उरलेल्यातलं सगळ्यात आवडतं उचललं असेल, तर फेरी संपल्यावर दोघींनी आपापसांत लाइन बदलून दोघींचाही फायदा होईल अशी एकही जोडी उरत नाही. म्हणून दुसऱ्याच दिवशी अदलाबदलीचे अर्ज येऊ लागले, तर समजावं की काहीतरी बिघडलं होतं. लाइनचं वर्णन अपुरं होतं, निवडायला वेळ कमी मिळाला, किंवा कुणाचा फॉर्म चुकीचा वाचला गेला. सहा महिन्यांनी अर्ज आले तर त्यात काही विशेष नाही. माणसांची आयुष्यं बदलतात.

ही रीत कुठे अपुरी पडते

ज्येष्ठतेची फेरी चालते ती सगळे तिला बांधील राहिले तरच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर २००२ साली यूएस एअरवेजमधल्या एका माणसाचा खटला होता. पाठीच्या दुखण्यामुळे तो सामान चढवण्याच्या कामावरून टपालखोलीत आला होता, आणि ती जागा ज्येष्ठतेच्या बिडला खुली झाल्यावर ती जाण्याची त्याला भीती होती. न्यायालयाने म्हटलं की साधारणपणे ज्येष्ठतेची पद्धत वरचढ ठरेल. पण मालक ती पद्धत आपल्या मर्जीने वारंवार बदलत असेल, किंवा तिच्यात आधीच बरेच अपवाद असतील, तर आणखी एका अपवादाने फारसं बिघडत नाही, असं म्हणायला जागा आहे. म्हणजे मर्जीने केलेला प्रत्येक अपवाद त्या पद्धतीचं संरक्षण थोडं थोडं काढून घेतो.

दुसरी मर्यादा शेवटच्या चार-पाच जणींची आहे. वर्षानुवर्षं वरच्या नर्सेस जागच्या हलल्या नाहीत तर खालच्यांच्या वाट्याला रात्रच येते. ते सुसह्य व्हावं म्हणून काही ठिकाणी सणांचे दिवस ज्येष्ठतेतून काढून पाळीने लावतात. या वर्षी जिने नाताळला काम केलं तिला पुढच्या वर्षी सुटी. काही ठिकाणी रजेची फेरी अशी घेतात की एका वेळी प्रत्येकीने एकच आठवडा निवडायचा आणि मग रांग पुन्हा वरून सुरू करायची, म्हणजे पहिली नर्स सगळे चांगले आठवडे एकदम उचलत नाही. शिफ्टच्या लाइनला मात्र असे तुकडे करता येत नाहीत, कारण एकीला एकच लाइन लागते.

तिसरी मर्यादा सगळ्यात कठीण, आणि आपल्याकडच्या वॉर्डांना तीच आधी भेटेल. आपल्या उदाहरणात १४ लाइनना १४ नर्सेस होत्या. दोन जागा रिकाम्या असत्या तर? फेरी तशीच चालवली तर बारा जणींनी निवडल्यावर न उचललेल्या दोन लाइन बहुधा रात्रीच्याच उरतील. वॉर्डाची सगळी कमतरता रात्रीवर जमा होईल, आणि रात्री पाच जणींना सात जणींचं काम करावं लागेल. त्या पाच जणी बहुतेक सगळ्यांत नव्या असतील.

म्हणून फेरी घेण्यापूर्वी एक निर्णय करावा लागतो, आणि तो ज्येष्ठतेने होत नाही. रिकाम्या जागा कोणत्या लाइनवर दाखवायच्या? एक दिवसाची आणि एक रात्रीची लाइन आधीच काढून ठेवली, तर कमतरता दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते आणि दिवसाच्या सहाच लाइन फळ्यावर येतात. ज्येष्ठ नर्सेस याला विरोध करतील, कारण त्यांच्यातल्या एकीचा दिवस जाईल. पण हा विरोध फेरीच्या आधी, बैठकीत, उघडपणे व्हायला हवा. आपल्याकडच्या एखाद्या हॉस्पिटलाला ही रीत आणायची असेल, तर त्यांनी ज्येष्ठता यादीच्या आधी हा कागद तयार करावा: किती लाइन, किती माणसं, आणि फरक कोणत्या शिफ्टने सोसायचा.